मुंबई ते नागपूर: कार, ट्रेन की विमान? एका प्रवासाचा कार्बन हिशोब

(या भागाचं शब्दरूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं जवळपास जसंच्या तसं.)

आजचा भाग आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या एका भांडणातून निघालाय. मामेबहिणीचं लग्न नागपूरला. मुंबईतून आम्ही चौघं जाणार होतो: दादा, ताई, धाकटा मावसभाऊ आणि मी. दादा म्हणाला, "फ्लाइटने जाऊ." ताई म्हणाली, "माझी कार आहे की, समृद्धीने जाऊ." मी म्हणालो, "रात्रीची ट्रेन पकडू." आणि मग दादाने एका अॅपचा स्क्रीनशॉट टाकला. त्यात लिहिलं होतं की या प्रवासात कारने माणशी १२० किलो कार्बन डायऑक्साइड जातो आणि विमानाने साधारण ६० किलो. खाली दादाचा मेसेज: "बघा, विमान कारच्या निम्म्यात. पर्यावरणाचं मला सांगू नका."

ग्रुपवर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. आकडा समोर होता, आणि तो खोटा आहे असं म्हणायला काही आधार नव्हता. म्हणून मी वही घेतली आणि तिन्ही प्रवासांचा हिशोब हाताने केला. तोच आज तुमच्यासमोर करतो. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा, फक्त गुणाकार-भागाकार आहे.

[०१:५०] एक प्रवास, तीन अंतरं

पहिली चूक इथेच होते. मॅपवर मुंबई–नागपूर टाकायचं, एक आकडा घ्यायचा आणि तोच तिन्ही वाहनांना लावायचा. पण तिघांची वाट वेगळी आहे.

ट्रेनचं अंतर रेल्वेच्या वेळापत्रकातच मिळतं. सीएसएमटी ते नागपूर ८३७ किमी. कसारा घाट चढून भुसावळ, अकोला, वर्धा करत जाणारी ही वाट तिघांत सगळ्यात लांब आहे.

कारचं अंतर मॅपवरून घ्यायचं, पण दारापासून दारापर्यंत. समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा आहे, पण तो ठाणे जिल्ह्यात आमण्याला संपतो, तुमच्या सोसायटीच्या गेटवर नाही. अंधेरीतलं घर ते नागपुरातलं लग्नघर, वाटेतले जेवणाचे आणि पेट्रोलचे वळसे धरून, आपण ७८० किमी घेऊ.

विमानाचं अंतर रस्त्याच्या मॅपवरून घ्यायचं नाही. विमानासाठी पृथ्वीच्या गोलावरचं दोन विमानतळांमधलं सर्वांत जवळचं अंतर घेतात. मुंबई–नागपूरसाठी ते सुमारे ६८० किमी भरतं. पण विमान धाग्यासारखं सरळ जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल तिकडे उडायचं, मग वळायचं, ढग टाळायचे, उतरायच्या आधी रांगेत घिरट्या घालायच्या. म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या पद्धतीत या अंतरात वरून थोडी भर घालतात. ५५० किमीपेक्षा लांब आणि ५५०० किमीपर्यंतच्या उड्डाणासाठी ही भर १०० किमीची आहे. म्हणजे हिशोबात विमानाचेही झाले ७८०.

लक्षात ठेवा, सगळ्यात लांबची वाट ट्रेनची आहे. शेवटी उत्तर काय येतं ते बघू.

[०४:३०] कार: भागायचं कितीने?

कारचा हिशोब सगळ्यात सोपा. ताईची कार पेट्रोलवर चालते आणि हायवेला लिटरला १५ किमी देते. ७८० भागिले १५, म्हणजे ५२ लिटर.

आता एक लिटर पेट्रोल जळलं की किती कार्बन डायऑक्साइड निघतो? सुमारे २.३ किलो. इथे बरेच जण थांबतात. एक लिटर पेट्रोलचं वजनच पाऊण किलो भरतं, मग त्यातून सव्वादोन किलोपेक्षा जास्त कसं निघेल? तर जास्तीचं वजन हवेतून येतं. पाऊण किलो पेट्रोलमध्ये कार्बन साधारण ६३० ग्रॅम असतो. जळताना कार्बनच्या एका अणूला हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनच्या १२ ग्रॅमला ऑक्सिजन ३२ ग्रॅम, एकूण ४४. म्हणजे वजन ३.६७ पट होतं. ६३० ग्रॅम गुणिले ३.६७, की आले २.३ किलो. डिझेल असेल तर २.३ ऐवजी २.७ धरा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याचा हिशोब वेगळा मांडतात, आज आपण साधं पेट्रोल धरून चालू.

५२ लिटर गुणिले २.३, म्हणजे जवळजवळ १२० किलो. दादाच्या स्क्रीनशॉटमधला आकडा! म्हणजे अॅप खोटं बोलत नव्हतं. पण हे १२० किलो कारचे आहेत. माणशी किती, हे कारमध्ये किती जण बसलेत त्यावर आहे. अॅपने एकच माणूस धरला होता आणि ते कुठेही ठळक लिहिलं नव्हतं.

ताई एकटी गेली तर १२०. दोघं गेले तर माणशी ६०. आम्ही चौघं बसलो तर माणशी ३०. अंतर तेच, कार तीच, पेट्रोल जवळपास तेवढंच. माणसं वाढली की कार थोडं जास्त पेट्रोल पिते, पण हायवेला तो फरक मामुली असतो.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे भागायचं ते बसलेल्या माणसांनी, सीटांनी नाही. पाच सीटची कार म्हणून पाचाने भागलं तर रिकाम्या सीटलाही आपण प्रवासी करून टाकतो. दुसरी गोष्ट भाड्याच्या गाडीची. ड्रायव्हर काही लग्नाला निघालेला नाही, तो तुमच्यासाठी निघालाय. त्याला प्रवाशांत मोजायचं नाही. आणि तुम्हाला सोडून गाडी रिकामी परत येत असेल तर तो परतीचा रस्ताही तुमच्याच खात्यावर. परतीचं भाडं आपण देतोच ना, तसंच हे. दोन जण अशा गाडीने गेले तर जाऊन-येऊन गाडीचे २४० किलो, आणि ते दोघांत वाटायचे. माणशी १२०. म्हणजे दोघं असून एकट्याने गेल्यासारखं.

मायलेजचा आकडाही तपासून घ्या. कंपनीच्या जाहिरातीतला घेऊ नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा, आणि गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. समृद्धीवर १२० चा वेग धरला तर हाच आकडा ८०–९० च्या वेगापेक्षा चांगलाच खाली येतो, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो.

[०९:१०] ट्रेन: डब्याचा हिशोब करायचा

ट्रेनला पेट्रोलची टाकी नाही. ती वरच्या तारेतून वीज घेते. धूर इंजिनातून निघत नाही, पण म्हणून शून्य लिहायचं नाही, कारण ती वीज कुठेतरी, बरीचशी कोळशावर, तयार झालेली असते. भारतातली एक युनिट वीज तयार होताना सरासरी किती कार्बन डायऑक्साइड निघतो, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं. गेल्या काही वर्षांत हा आकडा युनिटला ०.७ किलोच्या जरा वर आहे. आपण ०.७२ घेऊ.

आता ट्रेनला वीज किती लागते? हे तिकिटावर छापलेलं नसतं, म्हणून वजनावरून अंदाज करायचा. सामान आणि माणसांसकट एक डबा साधारण ५० टन धरा. असे २० डबे म्हणजे १००० टन. इंजिन डब्ल्यूएपी-७ असेल तर त्याचे १२३ टन. मागच्या-पुढच्या इतर डब्यांचं मिळून गाडी साधारण १२०० टनांची. हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला २० युनिट धरले, तर या गाडीला किलोमीटरला २४ युनिट लागतील. २० डब्यांत वाटले की डब्याला १.२ युनिट.

१.२ गुणिले ८३७ किमी, म्हणजे एक डबा मुंबईहून नागपूरला न्यायला जवळपास १००० युनिट वीज. त्याला ०.७२ ने गुणलं की डब्यामागे ७२० किलो कार्बन डायऑक्साइड.

आकडा मोठा वाटतो? आता डब्यात किती जण झोपतात ते बघा. नव्या एलएचबी स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. ७२० भागिले ८०, माणशी ९ किलो. थर्ड एसीत ७२ बर्थ, माणशी १० किलो. सेकंड एसीत ५२ बर्थ, माणशी १४ किलो. आणि फर्स्ट एसीत फक्त २४ बर्थ. माणशी ३० किलो!

म्हणजे फर्स्ट एसीत एकटा माणूस आणि ताईच्या कारमधल्या चौघांपैकी एक, दोघांचा आकडा सारखाच. "ट्रेन म्हणजे कमी कार्बन" हे वाक्य बरोबर आहे, पण ते मुख्यतः खचाखच भरलेल्या डब्यामुळे बरोबर आहे. लोखंडाचा डबा तेवढाच जड, त्यात माणसं जितकी कमी तितका प्रत्येकाचा वाटा मोठा. याच कारणाने विमानातल्या बिझनेस क्लासचा आकडाही इकॉनॉमीपेक्षा जास्त धरतात: तिथे एक माणूस जास्त जागा घेतो.

आपण इथे सगळे बर्थ भरलेले धरले. मुंबई–नागपूर रात्रीच्या गाड्यांची वेटिंग लिस्ट ज्यांनी पाहिली आहे ते यावर शंका घेणार नाहीत. पण एखाद्या गाडीत निम्मे बर्थ रिकामे असतील तर माणशी आकडा दुप्पट करायचा, हे विसरू नका.

स्लीपर आणि एसी डब्यात थोडा अन्याय आपण केलाय, तोही सांगतो. एसीला वीज जास्त लागते आणि तो डबा जरा जडही असतो. मी सगळे डबे सारखे धरले. म्हणजे स्लीपरचा खरा आकडा ९ पेक्षा थोडा कमी आणि एसीचा १० पेक्षा थोडा जास्त असेल. निष्कर्ष त्याने हलत नाही.

[१४:००] विमान: रिक्षाच्या मीटरसारखं

आता विमान. इथे "किलोमीटरला अमुक ग्रॅम" असा एक आकडा घेऊन गुणाकार केला की उत्तर चुकतं. का, ते रिक्षावरून समजून घेऊ. रिक्षात बसल्या बसल्या मीटरवर कमीत कमी भाडं दिसतं. पाचशे मीटर जा नाहीतर दीड किलोमीटर, तेवढं द्यायचंच. पुढे मग किलोमीटरप्रमाणे. म्हणून अगदी जवळ गेलात तर किलोमीटरमागचा दर महाग पडतो.

विमानाचं मिनिमम भाडं म्हणजे जमिनीवर टॅक्सी करणं, धावणं आणि कित्येक टन वजन दहा किलोमीटर उंच चढवणं. एकदा वर पोचलं की विरळ हवेत पुढे जायला त्यामानाने कमी इंधन लागतं. मुंबई–नागपूरला उडतं तशा १८० सीटच्या विमानासाठी मी असा ढोबळ अंदाज धरतो: ठोक खर्च १२०० किलो इंधन, आणि पुढे दर किलोमीटरला २.३ किलो. ७८० किमीसाठी २.३ गुणिले ७८०, म्हणजे सुमारे १८००. त्यात १२०० मिळवले की ३००० किलो. तीन टन इंधन. विमान जुनं असेल तर यापेक्षा जास्त, नव्या इंजिनाचं असेल तर थोडं कमी.

विमानाचं इंधन एक किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आयकाओच्या हिशोबात हाच आकडा असतो, आणि कारण पेट्रोलचंच, हवेतल्या ऑक्सिजनचं वजन. लक्षात घ्या, पेट्रोलचे २.३ हे लिटरला होते, हे ३.१६ किलोला आहेत. लिटर आणि किलो यांची इथे गल्लत झाली की उत्तर पाव हिश्श्याने बिघडतं.

३००० गुणिले ३.१६, म्हणजे साधारण ९५०० किलो. साडेनऊ टन. विमानात १८० पैकी ८५ टक्के सीट भरल्या धरल्या तर प्रवासी १५३. भागाकार केला की माणशी ६२ किलो. विमानाच्या पोटात प्रवाशांच्या बॅगांशिवाय इतर माल असेल तर त्याचा वाटा वजा करायचा असतो. तो धरला की आकडा थोडा खाली येईल. म्हणजे दादाच्या अॅपचा ६० चा आकडाही ठीकच होता.

आता मिनिमम भाड्याचा परिणाम बघा. हेच सूत्र मुंबई–दिल्लीला लावा. हवाई अंतर सुमारे ११४०, अधिक १००, म्हणजे १२४० किमी. इंधन येतं ४००० किलोच्या जरा वर, माणशी ८४ किलो. किलोमीटरला भागलं तर दिल्लीच्या प्रवासात ७३ ग्रॅम पडतात आणि नागपूरच्या प्रवासात ९१. कुणी दिल्लीवरून काढलेले ७३ ग्रॅम नागपूरला लावले तर उत्तर ५० किलो येईल. बारा किलो कुठे गेले? ते मीटर पडल्या पडल्या संपले होते.

[१८:३०] दोन अॅप, दोन आकडे

एक प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी आधीही विचारलाय: एकाच फ्लाइटला एक अॅप ६० दाखवतं आणि दुसरं १०० च्या वर. खरं कोण?

बऱ्याचदा दोन्ही खरी असतात, त्यांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या असतात. विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर उडतं तेव्हा मागे पांढरी रेघ सोडतं, ती तुम्ही पाहिली असेल. ती गोठलेल्या वाफेची असते आणि ती काही वेळ उष्णता अडवून धरू शकते. शिवाय तिथे सोडलेल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचाही परिणाम होतो. हा परिणाम कार्बन डायऑक्साइड नाही, पण तापमान वाढवतो. तो धरायचा असेल तर कार्बनच्या आकड्याला एका गुणकाने गुणतात. ब्रिटिश सरकारच्या मार्गदर्शक आकड्यांत हा गुणक आधी १.९ होता, २०२३ पासून १.७ केला. आपल्या ६२ ला १.७ ने गुणा, १०५ येतात. दुसऱ्या अॅपचा आकडा असाच येतो.

या गुणकाबद्दल शास्त्रज्ञांत अजून बरीच अनिश्चितता आहे, कारण ती पांढरी रेघ टिकणं हवा किती थंड आणि दमट आहे त्यावर ठरतं. नागपूरसारख्या छोट्या उड्डाणात विमान पूर्ण उंचीवर फार वेळ राहतही नाही. म्हणून मी दोन्ही आकडे शेजारी लिहितो: फक्त कार्बन डायऑक्साइड ६२, उंचीचा परिणाम धरून १०५. यात एकच नियम पाळायचा. एका वाहनाला एक गोष्ट मोजायची आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं नाही.

आणि हो, हा नियम मीही थोडा मोडलाय. ट्रेनच्या विजेत वीज केंद्रातला धूर मोजला, पण पेट्रोल आणि विमानाचं इंधन विहिरीतून काढून, शुद्ध करून, टँकरने आणायचा खर्च मोजला नाही. तो धरला तर कार आणि विमान दोघांचेही आकडे साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतील. उलट बाजूने, कोळसा खाणीतून काढायचा आणि वीज तारांतून येताना वाया जाते तो खर्चही मी धरला नाही, तो ट्रेनचा आकडा थोडा वाढवेल. तुलना फारशी बदलत नाही, पण हिशोबाची रेघ कुठे ओढली ते माहीत असलेलं बरं.

[२२:१०] सगळे आकडे शेजारी

एका बाजूच्या प्रवासाचे, माणशी, किलोमध्ये:

- कार, एकटं: १२०
- विमान: ६२ (उंचीचा परिणाम धरून १०५)
- कार, दोघं: ६०
- कार, चौघं: ३०
- फर्स्ट एसी: ३०
- सेकंड एसी: १४
- थर्ड एसी: १०
- स्लीपर: ९

विमानतळ अंधेरीला लागून आहे, पण तुम्ही २० किमीवरून एकटे कॅबने विमानतळावर गेलात तर त्यात अजून ३ किलो मिळवा. तेच ट्रेनच्या स्टेशनालाही लागू. ट्रेनच्या ९ किलोत ३ किलोची कॅब म्हणजे तिसरा हिस्सा झाला, विमानाच्या ६२ मध्ये ती दिसतही नाही.

आता या यादीवर किती विश्वास ठेवायचा? मी माझ्याच अंदाजांना थोडं हलवून बघितलं. कारचं मायलेज १५ ऐवजी १२ धरलं तर कारचे १५० होतात, १८ धरलं तर १००. विमान पूर्ण भरलेलं धरलं तर माणशी ५३, सत्तर टक्के भरलेलं धरलं तर ७५. म्हणजे "कारमध्ये दोघं" आणि "विमान" यांच्यात मी कुणाचंही नाव पुढे करणार नाही. ६० आणि ६२ हा फरक नाही, ती बरोबरी आहे. दोन किलोवरून जो अॅप एकाला हिरवं पान आणि दुसऱ्याला लाल खूण देतो, त्याला आपल्या आकड्याची चूक किती आहे हे माहीत नाही.

पण ट्रेनला लागणाऱ्या विजेचा माझा अंदाज दीडपट कमी निघाला, तरी थर्ड एसी १० वरून १५ वर जाईल. ते अजूनही चौघांच्या कारच्या निम्मं आणि विमानाच्या पावपट आहे. हा फरक अंदाजाच्या चुकीत बुडत नाही. म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

दुसऱ्या गावाला जायचं असेल तर याच वाटेने जा. कारसाठी किलोमीटर भागिले मायलेज, गुणिले २.३, भागिले माणसं. विजेवरच्या ट्रेनमध्ये थर्ड एसीसाठी किलोमीटरला १२ ग्रॅम, स्लीपरसाठी ११. विमानासाठी आधी अंतरात १०० मिळवा, २.३ ने गुणा, १२०० मिळवा, ३.१६ ने गुणा आणि १५३ ने भागा. अंतर ५५० किमीच्या आत असेल तर १०० ऐवजी ५० मिळवा. आणि परतीचं तिकीट असेल तर सगळं दोनने गुणा. हे बोलायला विचित्र वाटतं, पण लोक विसरतात.

[२५:४०] एक प्रश्न, आणि लग्नाचं काय झालं

रेकॉर्डिंगच्या आधी एका मैत्रिणीने विचारलं, "कार इलेक्ट्रिक असेल तर?" तर हाच हिशोब. किलोमीटरला ०.१५ युनिट आणि चार्ज करताना जाणारी थोडी वीज धरली तर ७८० किमीला सुमारे १३० युनिट. गुणिले ०.७२, म्हणजे ९४ किलो. पेट्रोलच्या १२० पेक्षा कमी, पण एकट्याने नेली तर विमानापेक्षा जास्त. आपल्या विजेत कोळसा जसजसा कमी होईल तसतसा हा आकडा खाली येईल, आणि ट्रेनचाही.

मी ही सगळी यादी ग्रुपवर टाकली. दादा म्हणाला, "म्हणजे माझं चुकलं?" मी म्हटलं, "नाही दादा, तुझा आकडा बरोबर होता. तो एकट्या माणसाच्या कारचा होता आणि आपण चौघं आहोत." मग ठरलं की चौघं ताईच्या कारने. माणशी ३०.

आणि मग मावसभावाची परीक्षा त्याच आठवड्यात लागली. दादाला आधीच्या दिवशी पुण्यात काम निघालं, तो तिथूनच परस्पर जाणार म्हणाला. उरलो मी आणि ताई. कार तीच, रस्ता तोच, अंतराचा एक किलोमीटरही बदलला नाही, पण आमचा आकडा ३० वरून ६० वर गेला, म्हणजे दादाच्या विमानाइतका. ताईनेच यादी पुन्हा उघडली आणि म्हणाली, "थर्ड एसीत वेटिंग किती आहे रे?"

वेटिंग होतं. चार्ट लागला तेव्हा दोन्ही तिकिटं कन्फर्म झाली, एक साइड अपर आणि एक मधला बर्थ. मधला मला मिळाला.

तुमच्या पुढच्या प्रवासाचा आकडा काढलात तर आम्हाला पाठवा. गाव, अंतर आणि गाडीत किती जण होते, हे तिन्ही लिहा. तिसरं नसेल तर उरलेल्या दोघांवरून आम्हाला काहीच सांगता येणार नाही.

भेटू पुढच्या भागात!